मांगरातलं पॉवर स्टेशन सकाळी सोलर का घेत नव्हतं: कामाच्या नोंदी

७ डिसेंबर

देवगड तालुक्यात आमची आंब्याची बाग सड्यावर आहे. बागेत मांगर आहे, पण वीज नाही. सर्वांत जवळचा पोल बराच खाली, वाडीत. मोहोराच्या दिवसांत राखणदार तिथेच राहतो. त्याला दोन दिवे, एक पंखा, मोबाईल, सिमकार्डवर चालणारा कॅमेरा आणि लहान कलमांसाठीचा बॅटरीवरचा फवारणी पंप चार्ज करायला वीज लागते. म्हणून एक किलोवॅट-अवरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतलं, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं, ६२,००० रुपयांना. मुंबईच्या चुलतभावाने अर्धे पैसे घातले.

सोबत ५७५ वॅटचं एक मोठं पॅनेल, ११,५०० रुपये. दोन्ही बाजूंनी काच असलेलं, पाठीमागूनही उजेड घेणारं. दुकानदाराने "चोवीस व्होल्टचं पॅनेल" म्हणूनच दिलं. लोखंडी अँगलची चौकट, केबल आणि एमसी-फोर कनेक्टर धरून आणखी ६,५०० गेले. चौकट मांगराच्या दक्षिणेला कातळावर उभी केली. पॅनेलपासून मांगरापर्यंत १५ मीटर केबल आहे, चार स्क्वेअर एमएमची.

आज संध्याकाळ झाली. उद्या जोडायचं.

८ डिसेंबर

सकाळी साडेआठला केबल जोडली. पडद्यावर सूर्याचं चिन्ह लुकलुकतंय आणि इनपुट शून्य वॅट. आकाश स्वच्छ, पॅनेलवर लख्ख ऊन.

आधी ध्रुव तपासले, प्लस-मायनस बरोबर होते. एमसी-फोरच्या चारही टोकांत पिन नीट बसल्यात का ते ओढून पाहिलं. मग स्टेशनला जाणारा अडॅप्टर काढला, पिना कोरड्या फडक्याने पुसल्या आणि परत लावला. तोवर सव्वाअकरा वाजले होते. लावताक्षणी २८६ वॅट. पिनेवर काहीतरी बसलं असणार, असं धरून चाललो. दुपारी अडीचनंतर चौकटीवर मोठ्या कलमाची सावली येते, तोवर बॅटरी बऱ्यापैकी भरली.

९ डिसेंबर

राखणदार रात्री स्टेशन आत घेऊन झोपतो, कारण बाहेर दव पडतं आणि चोरीचीही भीती असते. सकाळी बागेतून फेरी मारून आला की साधारण आठ-साडेआठला जोडतो. आज जोडलं तर पुन्हा शून्य. दिवसभर तसंच. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा बॅटरी २२ टक्क्यांवर होती आणि कॅमेरा बंद करावा लागला.

म्हणजे पिन पुसून काही झालं नव्हतं. सव्वाअकराला वेगळं काहीतरी घडलं होतं.

१० डिसेंबर

दोष स्टेशनचा की पॅनेलकडचा, हे आधी वेगळं करायचं ठरवलं. आंब्याच्या पेट्या नेणारा टेम्पो बागेत आला होता. स्टेशनसोबत मिळालेली गाडीची केबल त्याच्या लायटरच्या सॉकेटला लावली, इंजिन चालू ठेवलं. सोलरचं इनपुट आणि गाडीचं इनपुट या मॉडेलमध्ये एकाच पोर्टवर आहे. लगेच ९० वॅटच्या आसपास चार्जिंग सुरू झालं.

पोर्ट ठीक, आतलं चार्जिंग ठीक. पॅनेल दुपारी चालतं म्हणजे तेही मेलेलं नाही. सकाळी मात्र दोघांचं जमत नाही.

ही चाचणी कुणालाही पाच मिनिटांत करता येते आणि ती सर्वांत आधी करावी. स्टेशन सर्व्हिस सेंटरला पाठवायचं म्हटलं असतं तर इथून कुरिअरमध्येच आठवडा गेला असता.

१३ डिसेंबर

वाडीतल्या वायरमनकडून मल्टिमीटर आणला. सोबत घरच्या फ्रीजमधला वायरवाला थर्मामीटर नेला आणि त्याचं टोक पॅनेलच्या मागे चिकटपट्टीने लावलं. स्टेशन न जोडता, पॅनेलच्या दोन मोकळ्या टोकांवर डीसी २०० व्होल्टच्या रेंजवर मोजत राहिलो.

सात-दहाला, सूर्य अजून झाडांच्या वर यायचा होता, पॅनेल १५ अंशांवर, काचेवर दव: ४५.६ व्होल्ट. साडेआठला २६ अंश: ४९.२. साडेनऊला ३६ अंश: ४९.०. पावणेअकराला ४७ अंश: ४८.२. सव्वाअकराला ५१ अंश: ४७.८. साडेबाराला ५७ अंश: ४७.३.

मग स्टेशनच्या मागचं लेबल पुन्हा वाचलं:

```
DC INPUT: 12-48V, 10A, 300W MAX
```

कोडं इथेच सुटलं. व्होल्टेज ४८ च्या वर असताना जोडलं की स्टेशन नकार देतं. साधारण अकरानंतर पॅनेल तापून व्होल्टेज ४८ च्या खाली येतं, तेव्हा जोडलं तर घेतं. एकदा नकार दिला की केबल काढून परत लावेपर्यंत ते पुन्हा बघतच नाही. म्हणून ९ तारखेला दिवसभर शून्य राहिलं आणि ८ तारखेला मी नेमकं सव्वाअकराला काढून लावल्यामुळे चाललं.

१४ डिसेंबर

वायरमनला आकडे सांगितले. तो म्हणाला, "हो चोवीसचो न्हय रे, पन्नासचो आसा. मागचा लेबल बघलंस काय?"

पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलवर व्हीओसी ५१.५ व्होल्ट लिहिलं आहे. काही न जोडता, मोकळ्या टोकांवर मिळणारा दाब तो हा. त्याखाली व्हीएमपी ४२.९, म्हणजे पूर्ण शक्ती घेताना असणारा दाब. "चोवीस व्होल्ट" हा आकडा लेबलवर कुठेच नाही. चोवीस व्होल्टच्या बॅटरीला चालणारं पॅनेल ते चोवीसचं, ही दुकानातली जुनी बोली आहे. ती ६० आणि ७२ सेलच्या पॅनेलांसाठी सरसकट वापरली जाते. पॉवर स्टेशनच्या १२ ते ४८ व्होल्टच्या मर्यादेशी तिचा काहीही संबंध नाही. स्टेशनने जोडताना पाहिलेला दाब व्हीओसीचा असतो, कारण त्या क्षणी करंट वाहतच नसतो.

आता सकाळ-दुपारचा फरक. सेल थंड असला की त्याचा दाब वाढतो, तापला की उतरतो. माझ्या पॅनेलच्या माहितीपत्रकात हे प्रमाण दर अंशाला ०.२५ टक्के दिलंय. लेबलवरचा ५१.५ हा २५ अंश तापमानाच्या सेलचा, पूर्ण उन्हातला आकडा आहे. दुपारी सेल ५७ अंशांवर गेला की तोच दाब आठ टक्क्यांनी उतरतो आणि ४७ च्या घरात येतो.

पहाटे पॅनेल सर्वांत थंड असतं, मग तेव्हा ४५.६ च का? तेव्हा उजेडच अगदी कमी असतो. उजेडाने दाब हळू वाढतो, पण काळोखाजवळून सुरुवात करताना तो कमी असतोच. साडेआठला उजेड पुरेसा वाढलेला असतो आणि पॅनेल अजून तापलेलं नसतं. म्हणून सर्वांत वाईट वेळ आठ ते दहा, आणि आमचा राखणदार नेमका तेव्हाच केबल जोडतो.

मोहोर धरायला जी थंडी आम्हांला हवी असते, तीच थंडी या पॅनेलला ४८ च्या वर नेते. एप्रिलमध्ये हेच सामान आणलं असतं तर कदाचित पावसाळ्यापर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

१५ डिसेंबर

राखणदाराने स्वतःच एक गोष्ट शोधली. आज त्याने सूर्य वर यायच्या आधी जोडलं, तर स्टेशनने घेतलं. सुरुवातीला दहा-बारा वॅट, मग वाढत वाढत नऊच्या सुमाराला २९०.

याचं कारण सरळ आहे. ४५-४६ व्होल्टवर स्टेशनने दार उघडलं आणि करंट ओढायला सुरुवात केली. करंट ओढला जात असताना पॅनेलचा दाब ४१-४३ पर्यंत खाली बसतो, मग साडेआठची थंडी आडवी येत नाही. तो खूष झाला. मीही दोन दिवस असंच चालवून बघायचं ठरवलं.

१७ डिसेंबर

आज ढग होते. साडेदहाला जाड ढग आला, इनपुट आठ-नऊ वॅटवर आलं आणि स्टेशनने सोलर सोडून दिलं. ढग सरला तेव्हा पॅनेल गार झालेलं आणि ऊन एकदम पूर्ण. मी मीटर लावून बसलोच होतो: ४९.४ व्होल्ट. पुन्हा नकार, पुन्हा लुकलुकणारं चिन्ह. राखणदार तेव्हा बागेच्या दुसऱ्या टोकाला होता. दिवस वाया गेला असता.

दुपारी आणखी एक कळलं. पॅनेलवर रस्त्याची तांबडी धूळ बसली होती म्हणून राखणदाराने केबल काढून बादलीभर विहिरीचं पाणी ओतलं आणि परत जोडली. चालू असलेलं सोलर बंद. मोजलं तर ४९.५, भर दुपारी. पाण्याने सेल एका मिनिटात ४० अंशांपर्यंत उतरला होता. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतणं काचेसाठीही वाईट आहे. यापुढे धुवायचं ते सूर्योदयाआधी.

सूर्योदयाआधी जोडण्याची युक्ती इथेच सोडली. तिच्यात मला आणखी एक भीती वाटते. बॅटरी भरली की स्टेशन करंट घेणं थांबवतं, पण केबल लागलेलीच राहते. मग पॅनेलचा सगळा मोकळा दाब स्टेशनच्या टोकांवर उभा राहतो. नकार देणं म्हणजे आतून चार्जिंग बंद करणं. पोर्टच्या मागचे कपॅसिटर आणि मॉसफेट त्या दाबाखालीच असतात. ते ४८ च्या वर किती सहन करतात हे लेबल सांगत नाही, आणि वॉरंटी लेबलच्या आकड्यावर दिली जाते. आमच्याकडे सर्वांत थंड सकाळी सेल १५ अंशांवर धरला आणि ऊन पूर्ण धरलं तर हिशेब असा येतो:

```
51.5 × (1 + 0.0025 × (25 − 15)) = 52.8 V
```

हा आकडा ४८ च्या खाली असायला हवा होता. दुपारी चालतं म्हणून जोडणी योग्य आहे असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

अँपिअरचं मात्र उलट आहे. पॅनेल १३ अँपिअर द्यायला समर्थ असलं आणि स्टेशनची मर्यादा १० असली, तरी स्टेशन स्वतःला हवं तेवढंच ओढतं, बाकीचं पॅनेलमध्येच राहतं. वॅटचंही तसंच, ५७५ मधले ३०० च घेतले जातात. विहिरीत पाणी कितीही असो, पंप आपल्या ताकदीएवढंच उपसतो. दाबाला ही मुभा नाही.

२० डिसेंबर

चुलतभावाने मुंबईहून डीसी-डीसी बक कन्व्हर्टर पाठवला, १,६५० रुपयांचा. त्याच्या इनपुटला ६० व्होल्टपर्यंत चालतं, आउटपुट मी ३६ वर लावलं. कल्पना अशी की पॅनेल ५० वर असो की ४५ वर, स्टेशनला कायम ३६ दिसेल.

स्टेशनने लगेच स्वीकारलं. इनपुट ४०, ९०, १६०, मग शून्य. तीन-चार सेकंदांनी पुन्हा ४०, ९०, १६०, शून्य. आतला रिले प्रत्येक वेळी टकटक करत होता. दहा मिनिटांनी काढून टाकला.

स्टेशनच्या आत एमपीपीटी आहे. ते करंट थोडा थोडा वाढवत जातं आणि पॅनेलचा दाब कुठे बसू लागतो ते पाहून सर्वांत चांगल्या ठिकाणी थांबतं. मध्ये कन्व्हर्टर आला की त्याला पॅनेल दिसतच नाही. दिसतो तो ३६ चा न हलणारा दाब. कितीही ओढलं तरी दाब बसत नाही, म्हणून ते आणखी ओढत जातं. मागे कन्व्हर्टर ती मागणी भागवायला पॅनेलवर तुटून पडतो, पॅनेलचा दाब कोसळतो, कन्व्हर्टर बंद पडतो. मग सगळं पहिल्यापासून.

कन्व्हर्टरवर करंटची मर्यादा लावायचा स्क्रू आहे. चार अँपिअरवर बांधून पाहिलं. दुपारी १४० वॅटवर स्थिर चाललं. साडेतीनला कलमाची सावली वाढली तशी परत टकटक सुरू. सकाळच्या उन्हासाठी आणखी खाली बांधावं लागलं असतं, मग दुपारचं वाया. राखणदाराने दर दोन तासांनी स्क्रू फिरवायचा, हे काही काम नाही.

२४ डिसेंबर

तुडतुड्याची फवारणी तोंडावर आली आणि पंप चार्ज व्हायलाच हवा. नवीन पॅनेल यायला वेळ आहे. तोवर वायरमनच्या सांगण्यावरून पॅनेलचा एक तृतीयांश भाग झाकून पाहिला.

कुठला तृतीयांश हे महत्त्वाचं. या पॅनेलमध्ये सेलच्या सहा उभ्या रांगा आहेत, दोन-दोन रांगांचा एक गट, असे तीन गट एकामागून एक जोडलेले. शिवाय वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांना समांतर. म्हणून आडवा अर्धा भाग झाकला तर उरलेला अर्धा जवळजवळ पूर्ण दाब देतच राहतो. आधी तेच केलं होतं, ४९.१ चा ४८.६ झाला एवढंच. लांबीच्या दिशेने कडेच्या दोन रांगा वरपासून खालपर्यंत झाकायला हव्यात.

काळी ताडपत्री कापून पुढून तशी बांधली. साडेआठला मोजलं: ४९.२ चा ४६.८. तृतीयांश झाकूनही एवढाच फरक का? पॅनेल दोन्ही बाजूंनी काचेचं. पाठीमागून कातळावरच्या वाळक्या गवताचा उजेड झाकलेल्या सेलना मिळत होता, आणि सेलला दाब उभा करायला फार थोडा उजेड पुरतो. करंट तेवढ्यावर येत नाही, दाब मात्र येतो. पाठीमागूनही तेवढीच पट्टी बांधली. मीटर ३२.८ वर आला. बरोबर दोन तृतीयांश.

जोडलं, लगेच घेतलं. दुपारी २७० वॅटपर्यंत गेलं, कारण उरलेल्या दोन गटांतूनही स्टेशनला पुरेल एवढा करंट मिळतो.

ही तात्पुरती सोय आहे आणि तात्पुरतीच ठेवायची. झाकलेल्या गटाला वळसा घालून सगळा करंट जंक्शन बॉक्समधल्या बायपास डायोडमधून जातो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुपारी त्या बॉक्सला हात लावला तर टेकवत नव्हता. डायोड अधूनमधून पडणाऱ्या सावलीसाठी असतो, रोजच्या दिवसभराच्या कामासाठी नव्हे. दुसरं म्हणजे पहाटेचे मतलई वारे. एका बाजूची दोरी सुटून ताडपत्री उडाली तर दाब क्षणात ४९ वर. म्हणून ताडपत्रीच्या चारही कडा अँगलला तारेने आवळल्या आणि राखणदाराला सांगून ठेवलं की आधी ताडपत्री बघायची, मग केबल जोडायची. केबल काढताना मात्र आधी स्टेशनच्या बाजूची काढायची आणि ती काढण्यापूर्वी पॅनेलवर गोणपाट टाकायचं. चालू करंटमध्ये एमसी-फोर ओढला तर डीसीची ठिणगी लांब ताणली जाते आणि कनेक्टर जळतो.

२८ डिसेंबर

कायमचा उपाय ठरवला. तीन पर्याय होते.

एक, वेगळा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, १०० व्होल्ट इनपुटचा, आणि मध्ये एक २४ व्होल्टची बॅटरी, तिच्यावरून स्टेशन. चालतं, पण आणखी बॅटरीचा खर्च आणि एका बॅटरीतून दुसरीत भरण्यात वीज वाया. आमच्या गरजेला जड.

दोन, १६५ वॅटची ३६ सेलची दोन पॅनेलं, समांतर. एकाचा व्हीओसी २२.४, व्हीएमपी १८.५, करंट ८.९ अँपिअर. समांतर जोडली की दाब २२.४ च राहतो, म्हणजे वरच्या मर्यादेची काळजीच नाही. पण करंट १७.८ होतो आणि स्टेशन १० वरच थांबतं. दुपारी तापलेल्या पॅनेलचा कामाचा दाब १६ च्या आसपास येतो. सोळा गुणिले दहा म्हणजे १६० वॅट. दोन पॅनेलं विकत घेऊन एकाचंच काम. शिवाय १५ मीटर केबलमध्ये दीड व्होल्ट जातात, ते १६ मधून जाणं जास्त लागतं.

तीन, तीच दोन पॅनेलं सिरीजमध्ये. दाब दुप्पट, करंट ८.९ च. इथे थंडीचा हिशेब आधी केला. या पॅनेलचं प्रमाण दर अंशाला ०.२८ टक्के आहे. आमच्याकडे सेल कधी १० अंशांवर पूर्ण उन्हात असेल असं वाटत नाही, तरी तोच धरला:

```
44.8 × (1 + 0.0028 × (25 − 10)) = 46.7 V
```

४८ च्या खाली. दुपारचा कामाचा दाब ३२ च्या आसपास, करंट ८.९, मर्यादेच्या आत. तिसरा पर्याय घेतला.

दुकानात यावेळी "बारा व्होल्टचं, चोवीस व्होल्टचं" यात पडलोच नाही. पॅनेल उलटं करून लेबलचा फोटो घेतला, व्हीओसी वाचला, मगच पैसे दिले. एकाच कंपनीची, एकाच बॅचची दोन. ११,२०० रुपये. दुकानदाराने मोठं पॅनेल १,५०० कापून परत घेतलं. ताडपत्रीच्या दिवसांत त्याला काही झालेलं नाही हे मोजून दाखवलं: तिन्ही गट उघडे, दाब लेबलच्या हिशेबात.

२ जानेवारी

जुन्या चौकटीला नवी भोकं पाडून दोन्ही पॅनेलं शेजारी बसवली. एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, उरलेली दोन टोकं केबलला. जोडण्याआधी दोन्ही एकेकटी मोजली, मग एकत्र. दुपारी एकला एकत्र ४०.७. स्टेशनने लगेच घेतलं, इनपुट २५२ वॅट.

३३० वॅटच्या पॅनेलांतून २५२ म्हणजे कमी वाटेल. तापल्यामुळे आणि केबलमुळे एवढं जातंच. जानेवारीचा सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने चौकट आणखी थोडी उभी केली तर दहा-पंधरा वॅट वाढतील, पण पावसाळ्यात ती वाऱ्याला जास्त तोंड देईल. आहे तशीच ठेवली.

६ जानेवारी

गेले तीन दिवस चांगलीच थंडी. मांगराच्या ओट्यावर सकाळी साडेसहाला १४ अंश. आठ ते दहा दर पंधरा मिनिटांनी मोकळा दाब मोजला. सर्वांत जास्त ४३.१, पावणेनऊला. साडेआठला जोडलं, १०४ वॅट, चिन्ह स्थिर. मुद्दाम केबल काढून साडेनऊला परत जोडली, तेव्हाही घेतलं.

मग थंड पाण्याची बादलीही करून पाहिली, पण सकाळीच, काच तापायच्या आधी. काही झालं नाही.

११ जानेवारी

सावलीचा प्रश्न आधीपासून होता, तो सिरीजमध्ये जास्त जाणवेल अशी शंका होती. अडीचला कलमाची सावली पश्चिमेकडच्या पॅनेलवर येते. आज तिथे बसून पाहिलं. सावली त्याच्या दोन्ही गटांवर आली तशी इनपुट २३० वरून १०५ वर आलं आणि तिथेच टिकलं. सावलीतल्या पॅनेलला डायोडने वळसा दिला आणि दुसऱ्या पॅनेलचा एकट्याचा दाब, पंधरा-सोळा, स्टेशनला मिळत राहिला. स्टेशनची खालची मर्यादा १२ आहे म्हणून ते सोडून गेलं नाही. खालची मर्यादा १८ किंवा २० असलेली स्टेशनंही बाजारात मिळतात. तसल्या स्टेशनने इथे हात सोडले असते. लेबलवरचे दोन्ही आकडे वाचायचे ते यासाठी: वरचा थंड सकाळच्या मोकळ्या दाबाशी जुळवायचा, खालचा तापलेल्या दुपारच्या कामाच्या दाबाशी, केबलमध्ये जाणारे व्होल्ट वजा करून.

कलमाची एक फांदी छाटली तर सावली तासभर उशिरा येईल. पण तिला चांगला मोहोर आहे. आंबे उतरल्यावर बघू.

१९ जानेवारी

बॅटरी आता रोज दीडच्या सुमाराला भरते, मध्ये फवारणीचा पंप चार्ज करूनही. ढग येऊन गेले की सोलर आपोआप परत सुरू होतं, राखणदाराला केबलला हात लावावा लागत नाही.

चुलतभाऊ विचारतोय की आणखी एक १६५ चं पॅनेल जोडून टाकू का. सिरीजमध्ये तिसरं म्हणजे व्हीओसी ६७ च्या पुढे, प्रश्नच नाही. समांतर लावायचं तर दोनच्या जोडीला दोनचीच जोडी लागेल, आणि करंट १७ च्या वर जाऊन स्टेशन १० वर अडेल. दुपारी ३०० वर थांबेल, फायदा फक्त सकाळी आणि ढगाळ दिवशी. तेवढ्यासाठी ११,००० घालण्यापेक्षा त्याला म्हटलं, आधी कॅमेऱ्याला रात्री हालचाल झाल्यावरच चालू होण्याची सेटिंग लावून देऊ. रात्रीचा खर्च तिथेच सर्वांत जास्त आहे.

खर्चाचा हिशेब, ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी: वाया गेलेले ३,१५० रुपये. त्यात कन्व्हर्टरचे १,६५० आणि पॅनेल परत देताना कापलेले १,५००. कन्व्हर्टर वायरमनला दिला, तो त्यावर मांगराच्या दिव्यांसाठी १२ व्होल्टची लाईन करून देणार आहे, थेट स्टेशनच्या डीसी आउटपुटवरून नव्हे तर जुन्या बोटीच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून. एमपीपीटी मध्ये नसताना तो कन्व्हर्टर अगदी नीट चालतो.